साग, साल की पाइन? लाकडाच्या आडव्या छेदाचा फोटो वाचताना

एका परिचितांनी मध्यंतरी एका जुन्या फळीचे दोन फोटो पाठवले आणि हे लाकूड सागाचे आहे का, असे विचारले. पहिल्या फोटोत फळीचा रुंद पृष्ठभाग होता: तांबूस तपकिरी रंग, मधूनच गडद पट्टे आणि वर पॉलिशची चमक. दुसऱ्या फोटोत फळीचे टोक होते, म्हणजे जिथे करवत धाग्यांना आडवी चालते तो छेद. पण तो करवतीने इतका खरडलेला होता की त्यात धुरकट तपकिरी डागाखेरीज काही दिसत नव्हते. पहिला फोटो सुंदर असूनही जवळजवळ निरुपयोगी होता. दुसऱ्यात हवी ती माहिती होती, मात्र ती वाचता येत नव्हती.

रंगावर विसंबू नये, कारण लाकडात सर्वांत सहज बदलणारी गोष्ट तीच असते. नुकतेच रंधलेले सागाचे लाकूड सोनेरी दिसते आणि काही महिन्यांत गडद होते. सालाचे लाकूडही हवा-प्रकाशात तांबूस तपकिरी होत जाते, आणि पाइनवर योग्य रंग चढवला की तो दुरून सागासारखा दिसू शकतो. शिवाय कॅमेरा दिव्याच्या प्रकाशानुसार रंग स्वतःहून दुरुस्त करतो, तो वेगळाच. आतली रचना मात्र पॉलिशने बदलत नाही आणि ती आडव्या छेदात सर्वांत स्पष्ट दिसते.

या छेदाला पहिला प्रश्न असा विचारावा: यात छिद्रे आहेत का? साग आणि साल या रुंदपर्णी वृक्षांमध्ये मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या वाहिन्या असतात आणि आडव्या छेदात त्या गोल छिद्रांसारख्या दिसतात. पाइनमध्ये अशा वाहिन्या नसतातच. तिथे पाणी अतिशय बारीक, लांबट पेशींमधून वर जाते आणि त्यांची रुंदी मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असल्यामुळे साध्या डोळ्यांना छेद सलग दिसतो. पाइनच्या वलयात फिकट, मऊ भाग संपून गडद, टणक पट्टा येतो. त्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास सुटे सुटे बारीक ठिपके दिसले, तर त्या राळ वाहणाऱ्या नलिका असतात. छिद्रे नाहीत, पण असे ठिपके आहेत, एवढे दिसले तरी साग आणि साल दोन्ही बाद होतात.

छिद्रे असतील, तर ती कशी मांडलेली आहेत हा पुढचा प्रश्न. सागात वाढीच्या हंगामाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ तयार होते. ती सुमारे ०.३ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे डोळ्यांना सहज दिसतील एवढी असतात आणि त्यांच्याभोवती मऊ पेशींची फिकट रेघ असते. हंगाम पुढे सरकतो तशी छिद्रे लहान व विरळ होत जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या छिद्रांची ओळ येते. त्यामुळे सागाची वलये खरे तर छिद्रांनीच रेखलेली असतात. सालात असा क्रम नसतो: छिद्रे साधारण एकाच आकाराची आणि छेदभर विखुरलेली असतात, म्हणून वलयेही अस्पष्ट राहतात. त्याऐवजी दिसतात त्या बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या लांबच लांब वक्र ओळी. या राळनलिका असून त्यात पांढरट राळ साठलेली असते. माझ्या मते सालाची एवढी नेमकी खूण दुसरी नाही.

इथे एक चूक वारंवार होते. सागाच्या काही छिद्रांमध्येही पांढरा किंवा पिवळसर पदार्थ भरलेला असतो आणि घाईत पाहणारा त्याला सालाच्या पांढऱ्या ओळी समजतो. फरक असा की सागात पांढरे मोठ्या छिद्राच्या पोटात असते, तर सालात पांढरे ठिपके छिद्रांहून लहान, त्यांच्यापासून वेगळे आणि आपल्याच ओळीत असतात. पॉलिश कागदाची भुकटी छिद्रांत बसली तरी असेच पांढरे दिसते. म्हणून छेद घासण्यापेक्षा धारदार पात्याने पातळ तासून स्वच्छ करावा. त्यावर पाण्याचा हलका हात फिरवला की छिद्रे आणि फिकट रेघा उठून दिसतात.

आता फोटोचे गणित. फळी ३० सेंटिमीटर रुंद असेल आणि पूर्ण रुंदी ४००० पिक्सेलमध्ये बसवली असेल, तर एका मिलिमीटरला सुमारे १३ पिक्सेल मिळतात. सागाचे मोठे छिद्र चारच पिक्सेलचे होते आणि त्याहून बारीक राळनलिकांचा तर धूसर डाग उरतो. तोच कॅमेरा जवळ नेऊन फक्त १ सेंटिमीटरचा तुकडा चौकटीत घेतला, तर मिलिमीटरला ४०० पिक्सेल मिळतात आणि तेच छिद्र १२० पिक्सेलचे होते. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी, नाहीतर छिद्र मोठे की लहान हे सांगता येत नाही. प्रकाश बाजूने तिरका पडू द्यावा, कारण फ्लॅशने छेद सपाट दिसतो.

परिचितांना मी हेच कळवले आणि दोन दिवसांनी नवे फोटो आले. छिद्रे भरपूर होती, पण मोठ्या छिद्रांची ओळ कुठेही नव्हती, आणि डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या तीन पांढऱ्या ठिपकेदार कमानी स्वच्छ दिसत होत्या. मग पृष्ठभागाचा फोटो पुन्हा पाहिला. छिद्रे पृष्ठभागावर लांबट चिरांसारखी दिसतात. सागात त्या वलयांनुसार पट्ट्यांत गोळा होतात, तर इथे त्या सर्वत्र सारख्या पसरलेल्या होत्या. ज्यांना आम्ही सागाचे गडद पट्टे समजत होतो, ते कडेवरून वळून टोकावर कुठेच उतरत नव्हते. लाकडाच्या आतले पट्टे पृष्ठभागावर आणि छेदात एकमेकांना मिळायलाच हवेत. ते मिळत नसतील, तर वर रंग किंवा पातळ थर चढवलेला असण्याची दाट शक्यता असते. इथे टोकाच्या छिद्रांशी पृष्ठभागावरच्या चिरा जुळत होत्या, म्हणजे वेगळा थर नव्हता. पट्टे रंगाचे होते.

खात्रीसाठी वजन मागितले. फळी ६० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि २.५ सेंटिमीटर जाड, म्हणजे १५०० घन सेंटिमीटर होती आणि वजन १३०० ग्रॅम भरले. घनता निघाली सुमारे ०.८७. तेवढीच कोरडी सागाची फळी साधारण ९५० ते १००० ग्रॅमची असती आणि पाइनची बहुधा त्याहूनही हलकी. लाकूड ओले असते, तर या आकड्याला फारसा अर्थ उरला नसता. पण फळी जुनी आणि पूर्ण वाळलेली होती.

तरीही उत्तरात मी «साल, किंवा त्याच शोरिया गणातील जवळचे लाकूड» असेच लिहिले. या गणातील इतर वृक्षांतही राळनलिका अशाच कमानींत मांडलेल्या असतात आणि भिंगाने किंवा फोटोने त्या जातींना खात्रीने वेगळे करता येत नाही. त्यासाठी लाकडाच्या अतिशय पातळ चकत्या कापून त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. ते लाकूड साग नव्हते, हे मात्र त्या तीन कमानींवरून निःशंकपणे सांगता आले.