विद्युत अपघटन आणि विद्युत विलेपन: मोरचुदाच्या द्रावणात दोघांची गाठ

अकरावीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य मला नेहमी भेटते: 'विद्युत अपघटनात पदार्थाचे विघटन होते, तर विद्युत विलेपनात धातूचा थर बसतो.' वाक्य चुकीचे नाही. पण त्यातल्या 'तर' या शब्दामुळे दोन वेगळ्या, जणू एकमेकींच्या विरुद्ध प्रक्रिया आहेत असे वाटते. प्रत्यक्षात विलेपन हे अपघटनच आहे, एका ठरावीक कामासाठी काळजीपूर्वक केलेले. मग फरक नेमका कुठे पडतो? ते मोरचुदाच्या द्रावणात डोळ्यांनी पाहता येते.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक, CuSO₄·5H₂O. त्याचे १.२५ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून ५० मिलिलिटर द्रावण करा. हे ०.१ मोलार द्रावण झाले. मुद्दाम विरल घ्यायला सांगतो आहे. गडद निळ्या द्रावणात तासभर प्रयोग केला तरी तांब्याचा एवढा थोडा अंश कमी होतो की रंगातला फरक कळतच नाही, आणि 'पुस्तकात तर रंग फिका होतो म्हटले आहे' असे म्हणत मुले गोंधळतात.

या द्रावणात ग्रॅफाइटच्या दोन कांड्या एकमेकींना न टेकवता उभ्या करा आणि त्या बॅटरीला जोडा. मध्ये अॅमीटर आणि बदलता रोध ठेवून विद्युतधारा ०.१ अँपिअरवर आणा. द्रावण हलक्या हाताने ढवळत राहा. घरातल्या विजेच्या सॉकेटला काहीही जोडायचे नाही, बॅटरी किंवा कमी व्होल्टचा डीसी पुरवठाच वापरायचा.

थोड्याच वेळात बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली कांडी, म्हणजे ऋणाग्र, तांबूस दिसू लागते. धनाग्रावर बारीक बुडबुडे धरतात. ऋणाग्रावर काय घडते ते सोपे आहे:

Cu²⁺ + 2e⁻ → Cu

धनाग्राचे काय? इथे बहुतेक जण सल्फेटला पुढे करतात, कारण तो ऋण आयन आहे आणि धन टोकाकडे ओढला जातो. ओढला जातो हे खरे, पण तिथे पोहोचला म्हणून इलेक्ट्रॉन देतोच असे नाही. SO₄²⁻ मधला गंधक आधीच +६ या त्याच्या सर्वोच्च ऑक्सिडीकरण अवस्थेत आहे. त्याच्यापेक्षा शेजारच्या पाण्याचे ऑक्सिडीकरण सोपे पडते. म्हणून बुडबुडे ऑक्सिजनचे असतात:

2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻

ही अर्ध-अभिक्रिया पाठ करू नका, लिहायला शिका. पाण्यापासून ऑक्सिजन मिळतो एवढेच लक्षात ठेवा. O₂ मध्ये ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणून डावीकडे पाण्याचे दोन रेणू. त्यांतले चार हायड्रोजन उजवीकडे 4H⁺ म्हणून लिहायचे. आता अणू जुळले, पण डावीकडचा प्रभार शून्य आणि उजवीकडचा +४ आहे. उजवीकडे चार इलेक्ट्रॉन लिहिले की तोही जुळला. इलेक्ट्रॉन उजवीकडे आले याचा अर्थ ते बाहेर पडले, म्हणजे हे ऑक्सिडीकरण. धनाग्रावर ते व्हायलाच हवे होते, त्यामुळे आपले उत्तर तपासूनही झाले.

दोन्ही अर्ध-अभिक्रियांची बेरीज करताना इलेक्ट्रॉन सारखे हवेत, म्हणून तांब्याच्या अभिक्रियेला २ ने गुणू:

2Cu²⁺ + 2H₂O → 2Cu + O₂ + 4H⁺

या एका ओळीत प्रयोगाची सगळी निरीक्षणे आहेत. Cu²⁺ खर्च होतात म्हणून निळा रंग फिका पडतो. H⁺ तयार होतात म्हणून द्रावण आम्लधर्मी होत जाते. मात्र हे तपासताना निळ्या लिटमसवर विसंबू नका. मोरचुदाचे द्रावण मुळातच थोडे आम्लधर्मी असते, त्यामुळे प्रयोगाआधीही तो कागद तांबडा होऊ शकतो. सामू पट्टी वापरा आणि आधीचा व नंतरचा रंग शेजारी ठेवून पाहा. सामू स्पष्टपणे खाली आलेला दिसतो.

आता तासाभरात किती तांबे बसायला हवे ते काढू. ०.१ अँपिअर × ३६०० सेकंद = ३६० कूलोम. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६५०० कूलोम, म्हणून ३६० कूलोम म्हणजे ०.००३७३ मोल इलेक्ट्रॉन. तांब्याच्या एका अणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून तांबे ०.००१८७ मोल, आणि ६३.५ ने गुणले की सुमारे ०.११८ ग्रॅम. द्रावणात सुरुवातीला ०.००५ मोल Cu²⁺ होते. त्यातले एक तृतीयांशाहून थोडे जास्त गेले, म्हणून रंगातला फरक डोळ्यांना जाणवतो.

आता एकच गोष्ट बदला. तसेच ताजे द्रावण घ्या, ऋणाग्र ग्रॅफाइटचेच ठेवा, आणि धनाग्र म्हणून तांब्याची स्वच्छ घासलेली पट्टी लावा. धारा पुन्हा ०.१ अँपिअर. ऋणाग्रावर पूर्वीसारखेच तांबे चढते. धनाग्रावर मात्र बुडबुडा नाही. तिथे आता पाण्यापेक्षाही सहज इलेक्ट्रॉन देणारा कोणीतरी हजर आहे, खुद्द तांबे:

Cu → Cu²⁺ + 2e⁻

एका बाजूला जितके Cu²⁺ जातात तितकेच दुसऱ्या बाजूला येतात. निळा रंग टिकतो, सामू बदलत नाही. पट्टी आधी आणि नंतर कोरडी करून तोलली तर ऋणाग्राचे वजन जेवढे वाढले जवळपास तेवढेच तिचे घटलेले दिसते.

आणखी एक फरक व्होल्टमीटरवर दिसतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. तांब्याचा प्रमाण क्षपण विभव ०.३४ व्होल्ट आणि ऑक्सिजन-पाणी जोडीचा १.२३ व्होल्ट. म्हणून ग्रॅफाइटचे धनाग्र असताना प्रमाण स्थितीत किमान १.२३ − ०.३४ = ०.८९ व्होल्ट लागणारच, आणि ऑक्सिजन सुटायला वरचा जास्तीचा विभव धरला तर त्याहून बरेच अधिक. तांब्याचे धनाग्र असताना दोन्हीकडे एकच अभिक्रिया उलटसुलट चालते. वजाबाकी शून्य. द्रावणाचा रोध आणि अग्रांजवळचे अडथळे ओलांडण्यापुरता थोडासा विभव पुरतो. पहिल्या पात्रात विजेने खरोखर विघटन केले. दुसऱ्यात तिने तांबे फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेले.

मग दुसरे पात्र म्हणजे विलेपन का? अजून नाही. तांब्याचे धनाग्र वापरून तांबे शुद्धही करतात. अशुद्ध तांब्याची जाड पट्टी विरघळते, शुद्ध तांबे पातळ पत्र्यावर जमते, अर्ध-अभिक्रिया अगदी याच. उलट क्रोमियमचे विलेपन करताना धनाग्र साधारणपणे शिशाचे असते. ते विरघळत नाही, तिथे ऑक्सिजन सुटतो आणि खर्च झालेले क्रोमियमचे संयुग द्रावणात वरून घालत राहावे लागते. तेव्हा 'विलेपनात धनाग्र नेहमी लेप द्यायच्या धातूचेच असते' हे वाक्य बहुतेक वेळा खरे असले तरी ती व्याख्या नव्हे. विलेपन ठरते ते ऋणाग्रावर. तिथे ठेवलेल्या वस्तूवर सलग, घट्ट चिकटलेला पातळ थर मिळाला पाहिजे.

पहिल्या पात्रातल्या ऋणाग्रावर बोट फिरवून पाहा. तपकिरी-तांबूस भुकटी बोटाला लागते. तांबे बसले, पण हा लेप नाही. विरल द्रावणात अग्राच्या अगदी लगतचे Cu²⁺ लवकर संपतात आणि दुरून नवे येईपर्यंत, जिथे आयन आधी भेटतो त्या उंचवट्यांवरच तांबे वाढत जाते. थर सपाट होण्याऐवजी काटेरी, भुसभुशीत होतो.

म्हणून विलेपनासाठी द्रावण संहत घ्यायचे: १०० मिलिलिटर द्रावणात २० ग्रॅम मोरचूद, आणि शिक्षकांच्या हातून थोडे विरल सल्फ्युरिक आम्ल. आम्लाने द्रावणाची वाहकता वाढते. धनाग्र तांब्याच्या पट्टीचेच ठेवा आणि ऋणाग्रावर पितळेची किल्ली लावा. ती आधी साबणाने आणि बारीक पॉलिश कागदाने स्वच्छ करा आणि नंतर फक्त कडेला धरा, कारण बोटाच्या तेलकट ठशावर थर धरत नाही. किल्लीचे दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर धरू. ०.२ अँपिअर धारा ३० मिनिटे सोडली की पुन्हा ३६० कूलोमच झाले, म्हणजे पुन्हा ०.११८ ग्रॅम तांबे. या वेळी मात्र ते गुलाबी-तांबूस, गुळगुळीत थर होऊन बसते, जाडी साधारण साडेसहा मायक्रोमीटर. प्रभार तोच, अर्ध-अभिक्रिया तीच, वजन तेच, तरी एकीकडे भुकटी आणि दुसरीकडे लेप. घाई करून धारा बरीच वाढवली तर किल्लीच्या कडा गडद आणि खरखरीत होतात. तसे दिसले की धारा कमी करायची.

किल्ली पितळेचीच का, लोखंडी खिळा का नाही? शाळेत असताना मी खिळाच वापरला होता. बॅटरी जोडण्याआधीच तो लाल झाला आणि मी विलेपन यशस्वी झाले असे वहीत लिहून मोकळा झालो. ते विलेपन नव्हते, विस्थापन होते:

Fe + Cu²⁺ → Fe²⁺ + Cu

इथे इलेक्ट्रॉन तारेतून आले नाहीत, लोखंडानेच दिले. असा थर सैल असतो आणि कापडाने पुसून निघतो. ओळखायची खूण हीच: बॅटरी न जोडताही थर येत असेल, तर त्याचे श्रेय विजेचे नाही.

सरावासाठी आधी चांदी घ्या. धनाग्र चांदीचे, द्रावणात Ag⁺. ऋणाग्रावर Ag⁺ + e⁻ → Ag, धनाग्रावर नेमके उलट. एका अणूला एकच इलेक्ट्रॉन लागतो, म्हणून ३६० कूलोममध्ये ०.००३७३ मोल चांदी, १०८ ने गुणून सुमारे ०.४० ग्रॅम. तेवढ्याच प्रभारात तांब्याच्या तिपटीहून जास्त वजन का आले, याचे उत्तर अणुवस्तुमान आणि इलेक्ट्रॉनांची संख्या दोन्ही सांगून लिहा.

दुसरा प्रश्न माझा आवडता आहे. ग्रॅफाइटच्या पहिल्या पात्रात तासभर धारा गेल्यावर बॅटरीच्या तारांची अदलाबदल केली आणि धारा ०.१ अँपिअरच ठेवली. काय दिसेल? तांबे चढलेली कांडी आता धनाग्र झाली. ती आतून ग्रॅफाइट असली तरी वरून तांब्याची आहे, म्हणून तिथे आधी Cu → Cu²⁺ + 2e⁻. दुसऱ्या कांडीवर Cu²⁺ + 2e⁻ → Cu. बुडबुडे नाहीत, आणि फिका पडलेला रंग आहे तसाच राहतो, गडदही होत नाही आणि आणखी फिकाही नाही. हिशेबाने हे सुमारे तासभर चालायला हवे. प्रत्यक्षात थोडी भुकटी गळून तळाशी पडलेली असते, त्यामुळे कांडी त्याआधीच उघडी पडते आणि धनाग्रावर ऑक्सिजनचे बुडबुडे धरू लागतात. त्या क्षणापासून 2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻ पुन्हा सुरू होते आणि द्रावण परत फिके पडू लागते.