कार्टूनचे हिंदी डबिंग-संहितालेखन

इंग्रजीत तयार झालेल्या कार्टूनच्या भागाचे संवाद हिंदीत अशा रीतीने पुन्हा लिहिणे, की ते चित्रातल्या पात्राच्या ओठांवर आणि वेळेत बसतील, या कामाला डबिंग-संहितालेखन म्हणतात. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ते करणाऱ्याला ‘डबिंग रायटर’ म्हणतात. 1990च्या दशकात डिस्नेच्या मालिका दूरदर्शनवर हिंदीत येऊ लागल्या, पुढे मुलांच्या वाहिन्या आल्या आणि मुंबई या कामाचे मुख्य केंद्र बनली. अनुवाद हा या लेखनाचा पहिला टप्पा झाला. खरे काम त्यानंतर सुरू होते, कारण इथे वाक्याची लांबी, त्यातले विराम आणि ओठ कुठे मिटायचे हे सगळे चित्राने आधीच ठरवलेले असते.

हे बंधन कुठून येते ते कार्टून कसे बनते यावरून कळते. अमेरिकन पद्धतीत आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो. मग तो आवाज फ्रेमगणिक ऐकून कोणत्या फ्रेमवर कोणता उच्चार आहे याची नोंद एका तक्त्यात केली जाते आणि त्या तक्त्यावरून तोंडे काढली जातात. त्यासाठी तोंडाचे मोजकेच आकार वापरतात : मिटलेले ओठ, खालच्या ओठावर टेकलेले दात, मोठा ‘आ’, गोल ‘ओ’, फाकलेला ‘ई’ आणि अशीच आणखी दोन-चार. सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि एक चित्र बहुधा दोन फ्रेम टिकते, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त बारा तोंडे. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये पुष्कळदा चित्र आधी होते आणि आवाज नंतर दिला जातो. तिथे तोंड उघडे, अर्धे आणि मिटलेले एवढ्यावर भागते, त्यामुळे भाषांतरकाराला फक्त तोंड कधी सुरू होते आणि कधी थांबते ते पाळावे लागते. इंग्रजी कार्टूनमध्ये ओठांची मिटणीही सांभाळावी लागते.

सगळे आकार सारख्या महत्त्वाचे नसतात. जीभ, टाळू आणि घसा यांतून येणारे क, ग, त, द, न, र हे उच्चार पडद्यावर जवळपास दिसत नाहीत, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी सहज चालतात. प, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना मात्र ओठ मिटावेच लागतात. ओठ मिटलेले असताना ‘का’ ऐकू आला किंवा ओठ सताड उघडे असताना ‘मा’ ऐकू आला, तर लहान मुलालाही ते खटकते. म्हणून लेखक आधी ओष्ठ्य वर्णांच्या जागा शोधतो, मग मोठे ‘आ’ आणि ‘ओ’, आणि बाकीचे शेवटी. पात्र लांब उभे असेल किंवा धावत असेल तर एवढी काळजी घ्यायचे कारण नाही. ती वेळ क्लोज-अपसाठी राखून ठेवावी.

स्टुडिओकडून लेखकाला तीन गोष्टी मिळतात : कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम दाखवणारे आकडे, पळत असलेली चित्रफीत, मूळ संवादांची यादी आणि ‘एम अँड ई’ म्हणजे फक्त संगीत व इतर ध्वनी असलेला ट्रॅक. या ट्रॅकमध्ये पात्रांचा आवाज नसतो. केवळ संवाद नव्हे, तर धाप, हुंदका, खाताना केलेले ‘म्हं’, पडताना निघालेली किंकाळी, यांतलेही पुष्कळदा काही नसते. नवख्या लेखकाकडून इथे हमखास काही सुटते. संवाद सगळे लिहिलेले असतात, पण खारूताई कुंपणावर चढताना कण्हते ते संहितेत नोंदवलेले नसते, आणि मिक्सिंगच्या वेळी ती तोंड उघडून मुकाट चढताना दिसते. म्हणून प्रत्येक श्वास आणि हुंकार टाइमकोडसह लिहायचा, हा या धंद्यातला पहिला नियम.

आता एक ओळ प्रत्यक्ष पाहू. ती या नोंदीसाठी रचलेली आहे. छोटी खारूताई क्लोज-अपमध्ये शेजारच्या मॅक्सवर ओरडते : ‘पुट द पाय बॅक, मॅक्स! माय मॉम मेड दॅट फॉर बॉब!’ टाइमकोड 00:03:12:05 ते 00:03:15:03, म्हणजे 70 फ्रेम, तीन सेकंदांना किंचित कमी. त्यांची विभागणी अशी : ‘पुट द पाय बॅक’ला 24 फ्रेम, मग 5 फ्रेमचा विराम, ‘मॅक्स’ला 10, पुन्हा 5 फ्रेम विराम आणि उरलेल्या 26 फ्रेममध्ये दुसरे वाक्य.

सरळ अनुवाद असा होईल : ‘वो पाई वापस रख दो, मैक्स! मेरी मम्मी ने वो बॉब के लिए बनाई थी!’ अर्थ चोख आहे, हिंदीही स्वच्छ आहे. पण मूळ दुसऱ्या वाक्यात सहा उच्चारखंड आहेत आणि हिंदीत चौदा. 26 फ्रेममध्ये चौदा म्हणजे सेकंदाला तेरा. इतक्या वेगाने बोललेले कुणाला कळणार नाही. शिवाय मूळ वाक्य ‘बॉब’वर संपते, तिथे ओठ घट्ट मिटतात आणि तसेच राहतात. हिंदी वाक्य ‘थी’वर संपते. ही अडचण हिंदीत पदोपदी येते, कारण क्रियापद शेवटी येते आणि है, था, रहा, गया हे सगळे शेवट उघड्या तोंडाचे असतात. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी बरेचदा नाम येते, आणि ते पुष्कळदा व्यंजनावर थांबते.

यातून वाट अशी काढता येते. पहिल्या वाक्यात ओठ ‘पुट’, ‘पाय’ आणि ‘बॅक’च्या सुरुवातीला मिटतात, आणि विरामानंतर ‘मॅक्स’च्या. हिंदीत ‘पाई वापस, मैक्स!’ एवढेच ठेवले, तर पा-ई-वा-पस असे चार खंड होतात. पहिल्यावर प आहे, चौथ्यावर प आहे. तिसऱ्यावर ‘व’ आहे, त्यात ओठ पुरते मिटत नाहीत पण दाताजवळ येतात, तेवढे चालते. क्रियापद गळाले आहे. पण चिडलेले पोर असेच बोलते, आणि मॅक्सच्या हातात पाई दिसतच आहे.

दुसऱ्या वाक्यात मिटणी तीनदा लागोपाठ आहे : ‘माय’ची, ‘मॉम’च्या सुरुवातीची, आणि ‘मॉम’चा शेवट व ‘मेड’चा आरंभ मिळून एक लांबट. पुढे ‘फॉर’ला दात ओठावर, आणि मग ‘बॉब’च्या दोन. ‘मम्मी बोलीं, सिर्फ़ बॉब!’ हे म्हणून पाहा. मम्-मी-बो-लीं-सिर्फ़-बॉब, मूळ वाक्याइतकेच सहा खंड. म, म्म आणि ब या तीन मिटण्या आपापल्या जागी पडतात. ‘सिर्फ़’मधला फ़ चित्रापेक्षा दोन-तीन फ्रेम उशिरा येतो, कारण मूळ शब्दात तो सुरुवातीला आहे. पण तो ओझरता आकार आहे, ‘ब’सारखा ठसठशीत नाही, म्हणून मी तो तसाच ठेवीन. ‘मम्मी ने कहा’ लिहिले असते तर अर्थ तोच राहिला असता, पण ‘मेड’च्या लांब मिटणीवर ‘ने’ ऐकू आला असता.

या वाक्यात एक गोष्ट हरवली : आईने पाई स्वतः बनवली. ती हरवू द्यायची की नाही, हे ही ओळ पाहून ठरवता येत नाही, त्यासाठी भागाचा शेवट माहीत हवा. पुढे आईने साखरेऐवजी मीठ घातल्याचे उघड होणार असेल, तर ‘बनाई’ कुठेतरी आलेच पाहिजे. ‘मम्मी ने बनाई, फ़ॉर बॉब!’ हा पर्याय आठ खंडांचा आहे. कसलेला कलाकार ते बसवील, पण घाई जाणवेल आणि ‘फ़ॉर’ अनेक वाहिन्यांना चालणार नाही. त्याहून चांगला उपाय पुढच्या शॉटमध्ये असतो. समजा तिथे कॅमेरा मॅक्सच्या चेहऱ्यावर आहे आणि खारूताईचा फक्त आवाज येतो, ‘सो हँड्स ऑफ!’ ओठ दिसत नसल्यामुळे तिथे ‘ख़ुद बनाई है, हाथ हटा!’ लिहिता येते. संहितेत अशा ओळीपुढे ‘ऑफ’ अशी खूण करतात. पाठमोरे पात्र, चौकटीबाहेरचा आवाज, तोंडापुढे धरलेला कप, या जागा चांगला लेखक आधीच टिपून ठेवतो आणि क्लोज-अपमध्ये न मावलेली माहिती तिकडे हलवतो.

हेच वाक्य मराठीत करायला घेतले तर ‘आई’ शब्दच आडवा येतो, कारण त्यात ओठ कुठेच मिटत नाहीत. मग आरंभ ‘माझी’ किंवा ‘बघ’ने करून साऱ्या वाक्याची मांडणी बदलावी लागते. हिंदीची तयार संहिता मराठी किंवा गुजरातीसाठी सरळ आधार म्हणून घेता येत नाही, ती याचमुळे.

आणखी एक बंधन ओठांपेक्षा हातांचे आहे. पात्र ‘दॅट’ म्हणताना बोट दाखवते, ‘नेव्हर’ म्हणताना टेबलावर मूठ आपटते. हिंदीत शब्दक्रम उलटल्याने मूठ ‘कभी नहीं’वर न पडता भलत्याच शब्दावर पडू शकते. ओठ जमलेले असूनही प्रसंग निर्जीव वाटत असेल, तर बहुतेक वेळा दोष इथेच असतो. विनोद आणि गाणी यांचे नियम वेगळे आहेत, गाणी तर बहुधा वेगळ्या गीतकाराकडेच जातात.

लिहिलेली ओळ तपासायची रीत सोपी आहे. चित्राचा आवाज बंद करायचा आणि ओळ मोठ्याने, पात्राच्या भावनेसकट, चित्राबरोबर म्हणायची. पुटपुटून पाहिले तर प्रत्येक ओळ बसते. स्टुडिओत कलाकार रडत किंवा ओरडत बोलतो, त्याला जास्त वेळ लागतो, आणि तिथे ओळ बाहेर सांडते. बसत नसेल तर आवाज थोडा उशिरा सुरू झालेला चालतो, आधी सुरू झालेला चालत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीत आवाज चित्राच्या पुढे असेल तर सुमारे 45 मिलिसेकंदांपासून, आणि मागे असेल तर सुमारे 125 मिलिसेकंदांपासून फरक जाणवू लागतो असे दिले आहे. 24 फ्रेमच्या हिशेबाने पुढे एक फ्रेम, मागे तीन.

तयार पानावर टाइमकोड, पात्राचे नाव आणि हिंदी ओळ अशा रांगा असतात. छोट्या विरामाला एक तिरपी रेघ, मोठ्याला दोन. वरची ओळ ‘पाई वापस / मैक्स! / मम्मी बोलीं, सिर्फ़ बॉब!’ अशी दिसेल. ध्वनिमुद्रणाच्या वेळी डबिंग डायरेक्टर माइकपाशीच एखादा शब्द बदलतो, आणि तो बदल त्याच क्षणी पानावर लिहावा लागतो. तसे झाले नाही तर पात्राचे ठरलेले पालुपद तिसऱ्या भागात एक आणि नवव्या भागात दुसरेच होते. म्हणून मालिकेसाठी नावे, पालुपदे आणि कोण कुणाला ‘तू’ म्हणतो, कोण ‘आप’, याची एक यादी ठेवतात. ध्वनिमुद्रणानंतर प्रत्यक्ष बोलल्याप्रमाणे दुरुस्त केलेली संहिता वाहिनीला दिली जाते.