झोपलेली प्रोसेस आणि शंभर टक्के सीपीयू

फेब्रुवारीत द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एका पॅकहाऊसमधून संध्याकाळी फोन आला. पॅकहाऊसवाल्यांना सगळे तात्या म्हणतात. "अहो, लेबलं निघायला सात-सात मिनिटं लागताहेत. जानेवारीत अर्ध्या मिनिटात व्हायचं. कंटेनर दारात उभाय. नवीन कॉम्प्युटर घेऊ का? सोळा कोअरचा मिळतोय म्हणे."

नाशिकहून तिथे जायला तासभर लागला नाही. टेबलाखाली आठ कोअरचा लिनक्स कॉम्प्युटर होता. लेबलांचा प्रोग्राम जावामध्ये लिहिलेला, कुणीतरी काही वर्षांपूर्वी करून दिलेला. चालवला, शेजारच्या टर्मिनलवर कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारं `htop` उघडलं आणि वर बघितलं.

वरच्या आठ पट्ट्या म्हणजे सीपीयूचे आठ कोअर. त्यांतली एक शेवटपर्यंत हिरवी, बाकीच्या जवळजवळ रिकाम्या. दोन-तीन सेकंदांनी मात्र तिसरी पट्टी ओसरली आणि सहावी भरली. मग एकदा दोघींत साधारण साठ-चाळीस असा भरणा दिसला. नवख्या माणसाला वाटतं, काम फिरतंय म्हणजे वाटून होतंय. तसं नसतं. एकच धागा, म्हणजे प्रोग्राममधली एकामागून एक चालणाऱ्या कामांची एकच ओळ असते, लिनक्सचा शेड्युलर त्याला कधी या कोअरवर, कधी त्या कोअरवर बसवतो. htop दर दीड सेकंदानं आकडे ताजे करतं, त्यामुळे मधेच जागा बदलली की दोन्ही पट्ट्या अर्धवट दिसतात. म्हणून एका पट्टीकडे टक लावून बसण्यापेक्षा आठांची बेरीज करा. ती शंभरच्या आसपास घुटमळत राहिली, कितीही वेळ बघितलं तरी वर जाईना, तर समजा, एका धाग्याची हद्द झाली आहे. आठ कोअरच्या यंत्रावर एकूण वापर तेव्हा साडेबारा टक्के दिसतो. सरासरी दाखवणाऱ्या कुठल्याही मीटरमध्ये हा आकडा निवांत वाटतो, आणि फसगत तिथेच होते.

पट्टीचा रंगही बघायचा. हिरवा म्हणजे प्रोग्रामचं स्वतःचं गणित, लाल म्हणजे कर्नलचं काम. इथे सगळं हिरवं होतं, म्हणजे फाईल, नेटवर्क वगैरे नाही, प्रोग्राम स्वतःच घाम गाळतोय.

खालच्या यादीत `P` दाबून सीपीयूप्रमाणे क्रम लावला. सगळ्यात वर ही ओळ:

```
  PID  S  CPU%  Command
 4172  S 100.1  java -jar label.jar
```

तात्यांच्या पुतण्याला लिनक्सची थोडी ओळख. तो मला म्हणाला, "काका, S म्हणजे झोपलेली ना? मग शंभर टक्के कसं?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

`S` हा रकाना अवस्था सांगतो. `R` म्हणजे चालू, किंवा कोअर मिळण्याच्या रांगेत तयार उभा. `S` म्हणजे काहीतरी घडण्याची वाट बघत झोपलेला. `D` म्हणजे बहुधा डिस्कसाठी अडकलेला आणि सिग्नल दिला तरी लगेच न उठणारा. पण प्रोसेसच्या ओळीत जे अक्षर असतं ते तिच्या मुख्य धाग्याचं असतं. जावाचा पहिला धागा प्रोग्राम सुरू करून देतो आणि शेवटपर्यंत बसून राहतो, त्यामुळे तो `S`. शंभर टक्के मात्र सगळ्या धाग्यांची बेरीज. एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टींची माहिती एकत्र आली, म्हणून गोंधळ. शिवाय अक्षर हे वाचल्या क्षणाचं आणि टक्केवारी मागच्या दीड सेकंदाची. एखाद्या वेळी दोघं जुळले नाहीत तर लगेच घाबरू नये, चार-पाच वेळा ताजं होऊ द्यावं.

उपाय साधा: `H`, म्हणजे शिफ्टसह. हे बटण धागे दाखवतं आणि लपवतं. इथे ते कुणीतरी लपवून ठेवले होते. दाबल्यावर दिसलं ते असं:

```
 4187  R  99.8  java -jar label.jar
 4190  S   0.0  java -jar label.jar
 4191  S   0.0  java -jar label.jar
```

`S` वाले बरेच होते, काही जावाचे स्वतःचे आणि आठ लेबलं बनवणारे. `R` वाला एकच, 4187. म्हणजे आठ कामगार हात बांधून बसलेत आणि एक जण एकटाच राबतोय. सोळा कोअरचा कॉम्प्युटर आणला असता तर पट्ट्या सोळा झाल्या असत्या, भरलेली एकच राहिली असती. तात्यांना एवढं सांगताच त्यांनी फोनवरची जाहिरात बंद केली.

(हाच आळशीपणा दुसऱ्या कारणानेही दिसतो. पट्ट्या सगळ्या रिकाम्या, वरचा लोड ॲव्हरेज मात्र चढलेला आणि यादीत `D`, तर दोष बहुधा डिस्ककडे असतो. लिनक्स लोडमध्ये `D` वालेही मोजतं. तिथे धागे शोधत बसू नये.)

आता 4187 म्हणजे कोण? इथला जावा होता JDK 8, तो धाग्यांना दिलेली नावं लिनक्सला कळवत नाही, म्हणून htop मध्ये सगळे सारखेच दिसतात. पण आकडा पुरेसा आहे. `jstack` धाग्यांची यादी देतं, त्यात प्रत्येकाचा क्रमांक `nid` म्हणून सोळाच्या पायावर असतो. तो बदलून घ्यायचा:

```
printf '%x\n' 4187
105b
jstack 4172 | grep -A 6 nid=0x105b
```

उत्तरात `reader` नावाचा धागा आणि त्याखाली `ArrayList.indexOf`, `ArrayList.contains`. काही सेकंदांच्या अंतराने तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच. एकदाच घेतलेल्या चित्रावर मी विसंबत नाही, एखादं काम तेवढ्याच क्षणी पकडलं गेलेलं असू शकतं. आणि हा धागा मेमरीतला कचरा गोळा करणाऱ्या GC चा निघाला असता तर कहाणी वेगळी, मेमरी कमी पडत असल्याची.

`reader` फाईल वाचतो आणि प्रत्येक पेटीचा क्रमांक आधी येऊन गेला का, हे तपासतो. तपासायला एक लांबलचक यादी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक वेळी चाळायची. जानेवारीत यादीत पन्नास हजार क्रमांक होते. तेव्हा एकूण तुलना पन्नास हजारच्या वर्गाच्या निम्म्या, म्हणजे सव्वाशे कोटी. हंगाम पुढे सरकला तसे दोन लाख झाले, तुलना दोन हजार कोटी. पेट्या चौपट, काम सोळापट. अर्धं मिनिट सोळा वेळा म्हणजे आठ मिनिटं, आणि तात्या सात म्हणत होते. हिशोब इतका जुळला की मला दुसरं काही शोधावंसं वाटलं नाही.

`ArrayList` च्या जागी `HashSet` ठेवला, दोन ओळी. त्यात क्रमांक थेट सापडतो, यादी चाळावी लागत नाही. पुन्हा चालवलं तेव्हा आठही पट्ट्या एकदम वर आल्या आणि काही सेकंदांत खाली बसल्या.

मग प्रिंटरसमोर थांबून राहावं लागलं. तो आपल्या ठरलेल्या चालीनं एक-एक लेबल टाकत होता, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता.