कर्करोग नोंदणी : लोकसंख्याधारित आणि रुग्णालयाधारित

कर्करोगाच्या प्रत्येक नव्या रुग्णाची माहिती ठरावीक नियमांनी सतत गोळा करून ती एकत्र ठेवण्याच्या व्यवस्थेस कर्करोग नोंदणी म्हणतात. तिचे मुख्य दोन प्रकार आहेत. एखाद्या निश्चित भूभागातील रहिवाशांमध्ये आढळलेले सर्व नवे रुग्ण, मग त्यांनी उपचार कोठेही घेतलेले असोत, ज्या नोंदणीत येतात ती लोकसंख्याधारित नोंदणी. एका रुग्णालयात आलेले सर्व रुग्ण, मग ते कोठलेही रहिवासी असोत, ज्या नोंदणीत येतात ती रुग्णालयाधारित नोंदणी. दोहोंतील अर्ज वरवर सारखेच दिसतात; परंतु पहिल्या प्रकारात रुग्णसंख्येला भागण्यासाठी लोकसंख्या उपलब्ध असते आणि दुसऱ्यात ती नसते, व पुढील सर्व फरक यातूनच निर्माण होतात.

उगम : पहिली लोकसंख्याधारित नोंदणी कोणती मानावी, याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. बहुतेक संदर्भग्रंथ हा मान जर्मनीतील हँबुर्ग शहरास देतात. तेथे 1926 च्या सुमारास तीन परिचारिका शहरातील रुग्णालये व डॉक्टर यांच्याकडे नियमित जाऊन नव्या रुग्णांची नावे टिपून आणीत, ती आरोग्य खात्यातील कार्डांवर चढवली जात आणि ही कार्डे आठवड्यातून एकदा मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिली जात. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याची नोंदणी 1941 मध्ये सुरू झाली, मात्र तिने मागे जाऊन 1935 पासूनचे रुग्ण नोंदवले. त्यामुळे काही याद्यांत तिचे वर्ष 1935 असे दिलेले आढळते. संपूर्ण देश व्यापणारी पहिली नोंदणी म्हणून डेन्मार्कच्या 1942 मधील नोंदणीचा उल्लेख होतो. ‘पहिली’ या शब्दाने पद्धत अभिप्रेत असेल तर हँबुर्गचा दावा अधिक सबळ वाटतो. रुग्णालयांतून नावे आणणे आणि ती मृत्यूच्या दाखल्यांशी ताडणे, ही आजच्या नोंदणीची दोन्ही अंगे तेथे होती.

भारतात इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जुस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत 1963 मध्ये नोंदणी स्थापन केली. तिची प्रसिद्ध आकडेवारी 1964 पासूनची असल्याने दोन्ही वर्षे लिहिलेली दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम 1981 च्या अखेरीस मंजूर होऊन 1982 पासून माहिती गोळा करू लागला. 1987 मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत होती.

नोंद कशी होते : भारताच्या मोठ्या भागात कर्करोगाचा रुग्ण कळवणे डॉक्टरांवर दीर्घकाळ बंधनकारक नव्हते, त्यामुळे येथील नोंदणी कर्मचारी स्वतः माहितीमागे जातात. शस्त्रक्रिया व किरणोपचार विभागांच्या वह्या, विकृतिशास्त्र प्रयोगशाळेतील तपासणीचे अहवाल, केसपेपर आणि नगरपालिकेचे मृत्यूनोंद रजिस्टर या सर्वांतून एकच माणूस पुन्हा पुन्हा समोर येतो. भूम तालुक्यातील एखाद्या बाईची तपासणी बार्शीत होते, किरणोपचार सोलापुरात होतात आणि पुढे ती मुंबईस जाते. तिन्ही रुग्णालयांच्या नोंदवह्यांत तिची एकेक नोंद होते व तिन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात. लोकसंख्याधारित नोंदणीत मात्र ती एकदाच यावी लागते. एका कागदावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे, वय एकीकडे 50 तर दुसरीकडे 54, आणि मुंबईच्या केसपेपरवर ज्या भाच्याकडे ती उतरली त्याच्या परळच्या खोलीचा पत्ता, अशा अवस्थेत तिघी एकच आहेत हे ओळखणे हा या कामातील सर्वांत कष्टाचा भाग होय. पत्त्याचा प्रश्न सोडवण्यासाठी, निदानापूर्वी किमान एक वर्ष त्या क्षेत्रात राहिलेल्या व्यक्तीलाच रहिवासी मानण्याचा नियम भारतीय नोंदण्या पाळतात. तो पाळला नाही, तर मुंबईचा दर फुगतो आणि भूमचा उतरतो.

बार्शीत रुग्णालयांवर विसंबणे पुरेसे नव्हते, कारण कित्येक रुग्ण कोणत्याच रुग्णालयात पोहोचत नसत. म्हणून क्षेत्रकर्मचारी गावोगाव फिरून जाणत्या माणसांकडून लक्षणे असलेल्या व्यक्तींची चौकशी करीत, त्यांना तपासणीस आणीत आणि रोगाविषयी माहितीही देत. या फेऱ्यांनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचे तेथील अभ्यासकांनी नोंदवले आहे. नोंदणी जे मोजत होती तेच तिच्यामुळे काही अंशी बदलले, ही गोष्ट बार्शीचे आकडे वाचताना लक्षात ठेवावी लागते.

नवरुग्णदर : ठरावीक वर्षात नव्याने निदान झालेल्या रुग्णांच्या संख्येला त्या क्षेत्रातील त्याच वर्षाच्या लोकसंख्येने भागून दर लाखामागे नवरुग्णदर काढतात; वैद्यकीय व्यवहारात यालाच इन्सिडन्स म्हणतात. जुना रोग उलटला तर तो पुन्हा मोजत नाहीत. एकाच व्यक्तीस दोन स्वतंत्र मूळ कर्करोग झाले तर ते दोन धरतात.

हा साधा दर दोन प्रदेशांच्या तुलनेला चालत नाही, कारण कर्करोग वयाबरोबर वाढतो. आकडे कल्पित घेऊन हे पाहता येईल. एका तालुक्यात एक लाख स्त्रिया आहेत : 35 वर्षांखालील 50,000, 35 ते 64 वयाच्या 35,000 आणि 65 वर्षांवरील 15,000. तरुण मंडळी कामासाठी बाहेर गेल्याने वृद्धांचा वाटा मोठा आहे. वर्षभरात या गटांत अनुक्रमे 2, 28 व 30 असे 60 नवे रुग्ण आढळले. साधा दर लाखामागे 60. दुसरीकडे एका वाढत्या उपनगरातही एक लाख स्त्रिया आहेत, पण त्यांत 75,000 तरुण, 20,000 मध्यमवयीन व केवळ 5,000 वृद्ध. तेथे अनुक्रमे 3, 16 व 10 असे 29 रुग्ण. साध्या दराने तालुक्यातील धोका उपनगराच्या दुप्पट दिसतो. पण प्रत्येक वयोगटाचा स्वतंत्र दर काढला, तर दोन्हीकडे तो लाखामागे 4, 80 व 200 असा तंतोतंत एकच येतो.

यासाठी वयाचे दर एका सामायिक प्रमाण लोकसंख्येवर बसवतात. सेगी यांनी 1960 मध्ये सुचवलेली व डॉल यांनी 1966 मध्ये सुधारलेली ‘जागतिक लोकसंख्या’ आजही सर्वाधिक वापरात आहे. तिच्या एक लाख काल्पनिक व्यक्तींपैकी 62,000 जण 35 वर्षांखालील, 31,000 जण 35 ते 64 मधील आणि 7,000 जण त्यापुढील आहेत. वरील तीन दरांना हे वाटे लावले की 2.5, 24.8 व 14 यांची बेरीज सुमारे 41.3 येते, आणि ती दोन्ही ठिकाणी सारखीच असते. प्रत्यक्षात हे गणित पाच-पाच वर्षांच्या अठरा गटांत करतात. हा 41.3 दर कोणत्याही खऱ्या गावात अनुभवास येणारा नाही. तो फक्त तुलनेसाठी आहे. तालुक्यात खाटा किती लागतील हे ठरवताना 60 हाच आकडा घ्यावा.

छेदातील चूक सहज नजरेआड होते. 2011 नंतरची जनगणना लांबल्याने अलीकडील वर्षांची लोकसंख्या अंदाजानेच धरावी लागते. प्रत्यक्षात 90,000 लोक असताना अंदाज एक लाखाचा असेल, तर एकही रुग्ण न हुकता दर दहा टक्क्यांनी कमी निघतो आणि रोग घटल्याचा भास होतो.

अंशाची पारख वेगळ्या खुणांनी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली निदान पक्के झालेल्यांचा वाटा, त्याच काळातील कर्करोगमृत्यूंचे नव्या रुग्णांशी गुणोत्तर, आणि केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेल्यांचा वाटा या त्या खुणा होत. तिसरी खूण विशेष बोलकी आहे. मृत्यूच्या दाखल्यात कर्करोग लिहिलेला पण नोंदणीत नाव नाही, असा माणूस सापडला की त्याचा माग मागे रुग्णालयापर्यंत काढतात. काहीच हाती लागले नाही तर तो ‘केवळ दाखल्यावरचा’ राहतो. हा वाटा मोठा असेल तर जिवंत रुग्णही निसटत असावेत. मात्र तो फार कमी असणे हे नेहमीच चांगले लक्षण नसते, कारण जेथे मृत्यूचे कारण डॉक्टर प्रमाणित करीत नाहीत, तेथे दाखल्यावर कर्करोग हा शब्द मुळात येतच नाही.

रुग्णालयाधारित नोंदणीतून नवरुग्णदर निघत नाही. ‘आमच्याकडील पुरुष रुग्णांत तोंडाच्या कर्करोगाचे इतके टक्के’ असे सापेक्ष प्रमाण तेवढे निघते, आणि ते रोगाइतकेच रुग्णालयाच्या लौकिकावरही अवलंबून असते. डोके व मान यांच्या शस्त्रक्रियेचा नवा विभाग उघडला की गावांत काहीही न बदलता ही टक्केवारी चढते, आणि बेरीज शंभरच असल्याने बाकीचे कर्करोग ‘घटलेले’ दिसतात. टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात देशभरातून रुग्ण येत असल्याने तेथील टक्केवारी मुंबईची मानता येत नाही. उलट, रोगाचा टप्पा, उपचारांचा क्रम, निदान ते उपचार यांतील अंतर हा तपशील रुग्णालयाधारित नोंदणीत जितका भरीव असतो तितका लोकसंख्याधारित नोंदणीत क्वचितच मिळतो.

जीवितता : निदानाच्या दिवसापासून ठरावीक काळाने, बहुधा पाच वर्षांनी, किती रुग्ण हयात आहेत याचे प्रमाण म्हणजे जीवितता. येथे खरी अडचण माग सुटलेल्यांची आहे. 100 रुग्णांपैकी 20 पहिल्या वर्षात वारले, वर्ष संपताना आणखी 20 जणांचा पत्ता लागेनासा झाला, उरलेल्या 60 पैकी 20 पुढील चार वर्षांत वारले व 40 हयात राहिले, असे समजू. माग सुटलेल्यांना जिवंत मानले तर जीवितता 60 टक्के, यादीतून काढले तर 50, मृत मानले तर 40. कपलान-मेयर पद्धत त्यांना जितका काळ पाहिले तितकाच मोजते : पहिल्या वर्षाचे 0.80 गुणिले नंतरच्या काळाचे 40 भागिले 60, म्हणजे सुमारे 53 टक्के. मात्र माग सुटलेले लोक उरलेल्यांइतकेच जगतात असे ती गृहीत धरते. भारतात हे गृहीतक अनेकदा टिकत नाही. खर्च न झेपलेला किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण फेरतपासणीस येणे थांबवतो, आणि तोच लवकर जातो. त्यामुळे 53 हा आकडाही चढा असू शकतो. पत्र, दूरध्वनी आणि शेवटी घरी जाऊन चौकशी, हाच याचा समाधानकारक उपाय आहे. गणिती दुरुस्ती त्यानंतरची.

कर्करोगाव्यतिरिक्त कारणांनीही माणसे मरतात. म्हणून त्याच वयाच्या व लिंगाच्या सर्वसाधारण लोकांची अपेक्षित जीवितता आयुर्मान-सारणीतून घेऊन तिने निरीक्षित आकड्याला भागतात. अपेक्षित जीवितता 90 टक्के असेल तर 53 भागिले 90, म्हणजे सापेक्ष जीवितता सुमारे 59 टक्के. मृत्यूच्या कारणाची नोंद अविश्वसनीय असताना ही रीत सोयीची पडते. इतर कारणांनी मृत्यू होतच नाहीत असे मानल्यास जी जीवितता येईल ती निव्वळ जीवितता; 2012 मध्ये पोहार पेर्मे व सहकाऱ्यांनी मांडलेली तिची पद्धत आता आंतरराष्ट्रीय तुलनेत अधिक ग्राह्य मानली जाते.

केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेले रुग्ण नवरुग्णदरात धरले जातात, पण निदानाची तारीख नसल्याने जीविततेच्या गणितातून वगळावे लागतात. हे बहुधा उशिरा कळलेले, लवकर गेलेले रुग्ण असतात, त्यामुळे त्यांचा वाटा जितका मोठा तितकी नोंदणीची जीवितता खऱ्याहून उजळ दिसते. रुग्णालयाच्या आकड्यांत हाच दोष वेगळ्या वाटेने येतो. उपचार सुरू करण्याइतके जे जगले व प्रवास करू शकले, तेच तेथे मोजले जातात. म्हणून रुग्णालयाची 70 टक्के आणि त्याच जिल्ह्याच्या लोकसंख्याधारित नोंदणीची 50 टक्के जीवितता एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि दोन्हींतील अंतर उपचाराच्या गुणवत्तेचे नसून मुख्यतः रुग्णालयापर्यंत न पोहोचलेल्यांचे असते.