मावळतीचा लाल रंग आणि इलेक्ट्रॉनची धडक

“सायंकाळी सूर्य लाल दिसतो, कारण हवेतल्या इलेक्ट्रॉनना धडकून निळ्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते; हाच कॉम्प्टन परिणाम.”

कॉम्प्टन परिणाम खरा आहे, पण त्याचे माप इथे बसत नाही. मोकळ्या इलेक्ट्रॉनवरून फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण विखुरला की तरंगलांबीतील वाढ Δλ = (h/mc)(1 − cos θ) इतकी असते. यात h हा प्लांकचा स्थिरांक, m हे इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, c हा प्रकाशाचा वेग आणि θ हा फोटॉन वळण्याचा कोन; मूळ तरंगलांबी सूत्रात कुठेच नाही. h/mc म्हणजे सुमारे 0.00243 नॅनोमीटर, त्यामुळे सरळ पुढे गेल्यास वाढ शून्य, 90 अंशांना 0.00243 आणि फोटॉन उलट फिरल्यास 0.00485 नॅनोमीटर. 0.071 नॅनोमीटरच्या क्ष-किरणात काटकोनातली वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाते आणि मोजता येते. परंतु 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या लाल रंगापर्यंत न्यायला किमान एक्केचाळीस हजार उलट धडका लागतील. शिवाय हवेतले इलेक्ट्रॉन रेणूंना बांधलेले असतात, म्हणून दृश्य प्रकाशासाठी जवळपास संपूर्ण रेणूच धक्का घेतो आणि वाढ आणखी हजारो पटींनी घटते.

तापीकाठी सूर्य लाल दिसतो तो निळा प्रकाश वाटेत बाजूला विखुरल्यामुळे. पडताळा प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकाने घेता येतो: सूर्याकडे थेट न रोखता, त्याच्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीकडे तो धरावा. दुपारच्या तुलनेत सायंकाळी निळा भाग फिका पडतो, पण 589 नॅनोमीटरजवळची सोडियमची काळी रेघ जागची हलत नाही; तरंगलांबी वाढत असती तर ती सरकली असती.