ओसीडी आणि सीसीडी: मुद्दल परत द्यायचंच नाही, तर कर्ज कशाचं?

ओसीडीचे, म्हणजे ऐच्छिक परिवर्तनीय डिबेंचरचे हिशेब बहुतेकांना येतात, म्हणून ते भराभर उरकतो. कंपनीने १० कोटी रुपये उभे केले. मुदत ३ वर्षं, व्याज ८ टक्के, दर वर्षाअखेर. मुदत संपल्यावर धारकाने एकतर पैसे परत घ्यायचे, नाहीतर १,००० रुपयांच्या प्रत्येक डिबेंचरमागे १० शेअर घ्यायचे. असंच पण परिवर्तनाची सोय नसलेलं कर्ज याच कंपनीला १२ टक्क्यांनी मिळालं असतं. इंड एएस ३२ हे लेखामानक म्हणतं, आधी कर्जाचा भाग काढा. दरवर्षीचे ८० लाख आणि शेवटचं १० कोटी मुद्दल १२ टक्क्यांनी आजच्या किमतीला आणलं की ९०३.९३ लाख येतात. उरलेले ९६.०७ लाख इक्विटी. ऑप्शनची किंमत मॉडेल लावून आधी काढायची आणि उरलेलं कर्जाला द्यायचं, हा उलटा प्रकार या मानकात चालत नाही. सवलतीचा दर ८ टक्के धरलात तर इक्विटी शून्य येते. तेवढ्यावरून चूक ओळखता येते.

आता सीसीडी, म्हणजे अनिवार्य परिवर्तनीय डिबेंचर. रक्कम, मुदत, व्याज, परिवर्तनाचं प्रमाण सगळं तेच. फरक एवढाच की ३ वर्षांनी शेअर घ्यावेच लागतात. आणि इथेच दोन टोकाच्या चुका वारंवार दिसतात.

पहिली चूक म्हणजे ओसीडीची एक्सेल शीट जशीच्या तशी वापरणं. त्यात मुद्दलाची ओळ राहून जाते आणि कर्ज पुन्हा ९०३.९३ लाख दिसतं. पण कंपनी ते १० कोटी कधीच रोख देणार नाही. तिच्यावर रोखीचं बंधन आहे ते फक्त तीन वेळा ८० लाख देण्याचं. १२ टक्क्यांनी त्यांची आजची किंमत १९२.१५ लाख. कर्ज तेवढंच. बाकीचे ८०७.८५ लाख पहिल्या दिवसापासून इक्विटी.

दुसरी चूक नेमकी उलटी: ‘फेमाखाली सीसीडी इक्विटीच धरतात, मग पूर्ण १० कोटी इक्विटीत टाका.’ हा युक्तिवाद ऐकला की माझं डोकं फिरतं. परकीय गुंतवणुकीच्या २०१९ च्या नियमांत अनिवार्य परिवर्तनीय डिबेंचर इक्विटी साधनांत मोजले जातात हे खरं, पण तो प्रश्न परकीय चलन कायद्याचा. ताळेबंदात विचार एवढाच की रोख देणं टाळता येतं का? व्याज टाळता येत नाही, म्हणून व्याजापुरतं कर्ज उरतंच.

खरी गंमत पहिल्या वर्षाच्या नोंदीत आहे. ओसीडीत व्याजखर्च ९०३.९३ च्या १२ टक्के, म्हणजे १०८.४७ लाख. दिले ८० लाख, म्हणून कर्ज वाढून ९३२.४० लाख झालं. पुढे वाढत वाढत ते बरोबर १,००० लाखांवर पोचतं. सीसीडीत व्याजखर्च १९२.१५ च्या १२ टक्के, म्हणजे फक्त २३.०६ लाख. दिले मात्र ८० लाखच. मग उरलेले ५६.९४ लाख कुठे गेले? ते कर्जाची परतफेड आहेत, कर्ज १३५.२१ लाखांवर उतरतं आणि तिसऱ्या वर्षाअखेर शून्य होतं. करारात ‘व्याज’ लिहिलंय म्हणून पूर्ण ८० लाख नफा-तोटा पत्रकात खर्ची टाकणारे कमी नाहीत. ओळखायची खूण सोपी: सीसीडीचं कर्ज दरवर्षी घटायला हवं. ते जागचं हललं नसेल, तर पूर्ण ८० लाख खर्ची पडलेत; वाढत असेल, तर शीट ओसीडीची आहे.

बाकीचे फरक किरकोळ. इश्यूचा खर्च दोन्हींत, रक्कम कर्ज आणि इक्विटी यांच्यात ज्या प्रमाणात विभागली त्याच प्रमाणात वाटायचा. इक्विटी भागाचं पुन्हा मोजमाप नाही, मग शेअरचा भाव कुठेही जावो.

हे सगळं ‘१० शेअर’ हा आकडा आधीच ठरलेला आहे म्हणून चालतं. बोनस किंवा स्प्लिट झाल्यावर तो बदलला तरी बिघडत नाही. पण नवउद्योगांच्या करारांत अनेकदा लिहिलेलं असतं की परिवर्तनाच्या दिवशी जे मूल्यांकन असेल त्यानुसार १० कोटींचे शेअर द्यायचे. तेव्हा किती शेअर जातील हे आज सांगता येत नाही, आणि शेअर हे कर्ज फेडायचं चलन होऊन बसतात. असं कलम असेल तर अनिवार्य असूनही मुद्दल कर्जातच राहतं, आणि ८०७.८५ लाखांचा इक्विटी भाग उभाच राहत नाही.