‘शंका’ लिहिलेल्या फिल्मचे काय करायचे? आरओसी वक्ररेषेची पार्श्वभूमी

मुंबईतल्या एखाद्या दाट वस्तीत क्षयरोगाचे शिबिर लागते, एक्स-रेची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि संध्याकाळपर्यंत छातीच्या शेकडो फिल्म वाचायच्या असतात. त्यातल्या काहींत रोग उघड दिसतो, बऱ्याच साफ असतात. अडचण उरते ती मधल्यांची. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला एक पुसट डाग आहे. तो जुना वण असेल, फासळीची सावली असेल किंवा क्षय असेल. अशा माणसाला बेडका तपासायला पाठवायचे की घरी जाऊ द्यायचे? खरे रुग्ण किती सापडतात आणि त्यासाठी खोटे इशारे किती सोसावे लागतात, हे दाखवणारी आरओसी वक्ररेषा वैद्यकात आली ती नेमक्या याच प्रश्नाच्या वाटेने, छातीच्या एक्स-रेवरून.

1947 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षय शोधायला लहान फिल्म बरी की मोठी, हे त्यातून ठरवायचे होते. 1256 माणसांची छायाचित्रे चार पद्धतींनी काढली आणि पाच अनुभवी वाचकांकडून वाचून घेतली. उत्तर मिळाले ते वेगळेच. पद्धतींमधल्या फरकापेक्षा वाचकांमधला फरक मोठा निघाला. तीच फिल्म काही काळाने पुन्हा दिली, तेव्हा तोच वाचक स्वतःशीही सहमत होईना. आकडेशास्त्रज्ञ जेकब येरुशल्मी यांनी या मतभेदांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला.

त्याच काळात हाच पेच रडारवाल्यांपुढेही होता. पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसत्या गोंगाटाचा? हलक्या ठिपक्यालाही इशारा द्यायचा ठरवले तर विमान सुटत नाही, पण खोटे इशारे वाढतात. ठळक ठिपक्याचीच वाट पाहिली तर खोटे इशारे थांबतात आणि विमान डोक्यावर येते. 1954 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या पीटरसन, बर्डसॉल आणि फॉक्स यांनी याचे गणित मांडले. एका अक्षावर खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण, दुसऱ्यावर खऱ्या पकडींचे, आणि इशारा देण्याची पातळी हळूहळू बदलत नेली की उमटते ती रेषा. तिचे नाव ‘रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक’, म्हणजेच आरओसी. यातला रिसीव्हर म्हणजे संदेश पकडणारे यंत्र. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव परके वाटते, कारण ते खरोखरच दुसऱ्या घरातून आलेले आहे.

ते वैद्यकात आणले ली लस्टेड यांनी. युद्धकाळात रडारसंबंधी संशोधनात काम करून ते पुढे क्ष-किरणतज्ज्ञ झाले होते. छातीच्या फिल्मवाचनाच्या जुन्या अभ्यासांतले आकडे त्यांनी 1960 मध्ये एका आलेखावर मांडले: कोणी किती रुग्ण हुकवले आणि किती निरोगी माणसांना आजारी ठरवले. ठिपके अस्ताव्यस्त न पडता एका वाकड्या रेषेच्या आसपास बसले. ज्याचे हुकलेले रुग्ण कमी त्याचे खोटे इशारे जास्त, आणि उलटही. म्हणजे ‘हा वाचक चांगला, तो वाईट’ असे वाटत होते, तिथे बऱ्याच अंशी दोघांची नजर सारखीच होती. फक्त ‘आजारी’ म्हणायची रेघ दोघांनी वेगवेगळ्या जागी मारली होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. नजर आणि रेघ या दोन निराळ्या बाबी आहेत, हे तोवर कोणी इतके स्वच्छ दाखवले नव्हते.

आता ही रेषा हाताने काढून पाहू. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. एका डॉक्टरला क्षय असलेल्या 100 आणि नसलेल्या 100 जणांच्या फिल्म मिसळून दिल्या आणि प्रत्येकीवर पाचपैकी एक शेरा लिहायला सांगितला: निश्चित, बहुधा, शंका, बहुधा नाही, नाही. क्षय असलेल्यांत हे शेरे अनुक्रमे 40, 25, 17, 12 आणि 6 जणांना मिळाले. नसलेल्यांत 1, 5, 14, 30 आणि 50 जणांना.

फक्त ‘निश्चित’ला रोगी धरले, तर 40 रुग्ण सापडतात आणि खोटा इशारा एकच, पण 60 रुग्ण हुकतात. रेघ एक पायरी खाली आणून ‘बहुधा’ही घेतले, तर 65 सापडतात आणि खोटे इशारे 6 होतात. ‘शंका’ही घेतली तर 82 आणि 20. आणखी खाली उतरलो तर 94 आणि 50. हे चार ठिपके जोडले की आरओसी वक्ररेषा तयार. आधी ती उभी चढते, मग आडवी होत जाते. या उतारातच खरी किंमत लिहिलेली असते: ‘बहुधा’च्या पायरीवर 5 खोट्या इशाऱ्यांत 25 रुग्ण हाती लागतात, ‘शंके’च्या पायरीवर 14 मध्ये 17, आणि त्याखाली 30 मध्ये जेमतेम 12.

हाच डॉक्टर शिबिरात बसवू. 2000 माणसे, त्यांतली 20 क्षयाची. ‘बहुधा’पर्यंत रेघ ठेवली तर 13 सापडतात, 7 हुकतात आणि सुमारे 119 निरोगी माणसांचा बेडका तपासावा लागतो. ‘शंका’ही घेतली तर सरासरी तीन-साडेतीन रुग्ण जास्त सापडतात, पण तपासणीला आणखी 277 निरोगी माणसे जातात. एका वाढीव रुग्णामागे साधारण 80. आता तोच डॉक्टर अशा बाह्यरुग्ण विभागात, जिथे खोकल्याने बेजार होऊन आलेल्या दर पाचांतल्या एकाला क्षय आहे. तिथे ‘शंके’च्या पायरीवर एका वाढीव रुग्णामागे निरोगी माणसे तीन-चारच. तिथे शंका सोडून देणे मला तरी पटणार नाही. शिबिरात मात्र बेडक्यातले क्षयाचे जंतू यंत्राने शोधणाऱ्या सीबीनॅटच्या किती चाचण्या हाताशी आहेत आणि रोजंदारी बुडवून माणूस पुन्हा येणार का, हे पाहूनच रेघ ठरवावी लागते.

म्हणून संगणकाने दाखवलेल्या ‘सर्वोत्तम बिंदू’वर डोळे मिटून विसंबू नये. तो बहुधा 1950 मधल्या यूडेन निर्देशांकावरून काढलेला असतो: सापडलेल्यांच्या टक्क्यांतून खोट्या इशाऱ्यांचे टक्के वजा करायचे आणि सर्वांत मोठी वजाबाकी निवडायची. आपल्या उदाहरणात ती ‘शंके’वर येते, 82 वजा 20 म्हणजे 62. शिबिर असो की बाह्यरुग्ण विभाग, हे उत्तर बदलत नाही, कारण समोरच्या गर्दीत रुग्ण किती आहेत हे त्या वजाबाकीत कुठेच येत नाही.

रेषेखालच्या क्षेत्रफळाचेही तसेच. हॅन्ले आणि मॅकनील यांनी 1982 मध्ये त्याचा सोपा अर्थ दिला: एक रुग्ण आणि एक निरोगी अशी जोडी डोळे झाकून उचलली, तर रुग्णाची फिल्म जास्त संशयास्पद ठरण्याची शक्यता. आपल्या डॉक्टरची ती 0.88 येते. हा आकडा नजर सांगतो, रेघ कुठे मारायची ते सांगत नाही.

आणि एक चूक अशी, की ती रेषेकडे पाहून कळतच नाही. शिबिरात ज्यांची फिल्म संशयास्पद, त्यांचाच बेडका तपासला जातो. साफ फिल्मवाल्यांतले रुग्ण मग कोणाच्याच वहीत येत नाहीत. ‘हुकलेले’ कमी दिसतात आणि आलेख आहे त्यापेक्षा देखणा निघतो. असा आलेख समोर आला की आधी एवढेच विचारावे: ज्यांच्या फिल्मवर ‘नाही’ लिहिले, त्यांच्यातल्या किती जणांचा बेडका तपासला होता?